मृत्युपत्र

मी, दत्तात्रय गोविंद साठ्ये, वय 71 वर्षे, निवृत्त, राहणार चरई, ठाणे (पश्चिम), हे मृत्युपत्र आज शुक्रवार, दिनांक 14 नोव्हेंबर 2025 रोजी पाचपाखाडी, ठाणे येथील रुग्णालयाच्या खोली क्रमांक 304 मध्ये स्वखुशीने करून ठेवतो. यापूर्वी 2019 साली मी केलेले मृत्युपत्र आणि त्याआधीची काही टिपणे असतील तर तीही याद्वारे रद्द समजावीत.

मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. तो यकृतात पसरल्याचे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे, आणि घरच्यांपासून मी ते लपवलेले नाही. अंगात ताकद उरलेली नाही, पण बुद्धी शाबूत आहे. काल रात्री 10 वाजता मला मॉर्फिनची गोळी दिली होती. त्यानंतर आतापर्यंत वेदनाशामक किंवा गुंगी आणणारे काहीही घेतलेले नाही. हे काम उरकेपर्यंत सकाळची गोळी नको, असे मीच नर्सना सांगितले. उजव्या हाताला सलाइन असून हात सुजला आहे, त्यामुळे माझी सही बँकेतल्या सहीशी तंतोतंत जुळणार नाही. म्हणून प्रत्येक पानावर सहीसोबत डाव्या अंगठ्याचा ठसाही देत आहे.

माझ्या कुटुंबात पत्नी सुनंदा, मुलगा प्रसाद (राहणार वाकड, पुणे) आणि विवाहित मुलगी मेघना (राहणार कळवा) आहेत.

चरई येथील दोन बेडरूमची सदनिका मी 1994 साली स्वतःच्या पगारातून व कर्ज काढून घेतली. ती माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. सोसायटीच्या भागपत्रासह ही सदनिका माझ्या पश्चात सुनंदा हिने पूर्ण मालकी हक्काने घ्यावी. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी किंवा कोणाला द्यावी, हा तिचा प्रश्न. माझ्या आधी तिचे निधन झाल्यास सदनिका प्रसाद व मेघना यांना समान हिश्शाने मिळावी. सोसायटीत नामनिर्देशन प्रसादच्या नावाने आहे. नामनिर्देशनामुळे सोसायटीने कागद कोणाच्या हाती द्यायचे एवढे ठरते, मालक ठरत नाही. मालकी या मृत्युपत्राप्रमाणे जाईल.

माझ्या नावावरील सर्व बँक ठेवी व बचत खात्यांतील शिल्लक, नामनिर्देशन कोणाचेही असले तरी, मेघनाला द्यावी. प्रसादला यातून काही ठेवलेले नाही, याचे कारण नोंदवून ठेवतो. 2016 साली वाकडच्या घरासाठी मी त्याला 22 लाख रुपये बँकेतून दिले. ते परत मागितले नाहीत आणि मागणारही नाही. मेघनाला तेव्हा काहीच दिले नव्हते. प्रसादवर माझा राग नाही. ही वाटणी हिशेबाची आहे.

चिपळूण तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीत माझा जो हिस्सा निघेल तो दोन्ही मुलांना निम्मा निम्मा. माझे मनगटी घड्याळ प्रसादने घ्यावे. उरलेली सर्व चीजवस्तू व येथे नोंद राहून गेलेली कोणतीही मिळकत सुनंदाची.

मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे मावसभाऊ श्रीकांत वामन जोशी, राहणार डोंबिवली, यांनी करावी. त्यांना यातून काही मिळणार नाही. दवाखान्याची बिले व अंत्यविधीचा खर्च आधी ठेवींतून भागवावा.

वकील मी स्वतः बोलावला आणि काय लिहायचे ते त्याला एकट्याला सांगितले. वाटणी ठरवताना आणि सही करताना पत्नी, मुले, जावई, सून यांपैकी कोणीही खोलीत नव्हते. मेघना माझ्या सेवेला रोज येते, पण आज तिला मीच सकाळी घरी पाठवले. संपूर्ण मजकूर मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. ठेवींचा परिच्छेद मी पुन्हा वाचायला लावला. वाचन व सह्या यांचे सलग चित्रीकरण केले असून त्यात मी वाटणी माझ्या शब्दांत सांगितली आहे. मूळ प्रत व चित्रीकरण श्रीकांत जोशी यांच्याकडे राहील. दुय्यम निबंधकांनी नोंदणीसाठी रुग्णालयात यावे, असा अर्ज केला आहे. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, तेव्हा ते येण्याआधी मी गेलो तरी हे मृत्युपत्र लागू राहील.

वेळ सकाळी 11.20
(सही) द. गो. साठ्ये, डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार: दत्तात्रय साठ्ये यांनी आमच्या दोघांच्या समक्ष सही व अंगठा केला आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला किंवा आमच्या जोडीदारांना काहीही मिळत नाही.
1. (सही) अविनाश रामचंद्र केळकर, वय 52, राहणार चरई, ठाणे
2. (सही) नीलिमा सुरेश भोईर, वय 46, राहणार खारेगाव, कळवा

डॉक्टरांचा दाखला: मी या रुग्णावर उपचार करतो. सही होण्यापूर्वी, सकाळी 10.50 वाजता, त्यांना तपासले. तारीख, ठिकाण, मुलांची नावे, स्वतःचा आजार व मिळकत त्यांनी न अडखळता सांगितली. शंभरातून सात सात वजा करत पासष्टपर्यंत बरोबर आले. औषधांच्या वेळा केसपेपरशी जुळतात. ते पूर्ण शुद्धीवर असून मृत्युपत्राचा अर्थ व परिणाम समजण्यास सक्षम आहेत. सही होईपर्यंत मी खोलीत हजर होतो. ही नोंद आजच्या केसपेपरवरही केली आहे.
(सही व शिक्का) डॉ. हेमंत विष्णू गोखले, सकाळी 11.30