हळदीच्या एलसीत दुरुस्ती हवी, किरणदादा

किरणदादा, नमस्कार. तुमच्या बँकेनं 22 सप्टेंबरला उघडलेली एलसी काल आमच्या बँकेतून हातात आली आणि रात्री करार शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीये, म्हणून शिपमेंटच्या आधीच लिहितोय.

सगळ्यात मोठी अडचण 43P ची. आपलं ठरलंय 36 टन राजापुरी हळद, 18 टन ऑक्टोबरात आणि 18 टन नोव्हेंबरात, आणि एलसीत पार्शल शिपमेंट नॉट अलाउड, वर 44C मध्ये शेवटची तारीख 31 ऑक्टोबर. दादा, दुसऱ्या लॉटचं पॉलिश अजून व्हायचंय, ते घाईनं उरकलं तर माल तुम्हालाच आवडणार नाही. पहिल्या लॉटची पोती मात्र गोडाऊनला शिवून थप्पीला लागलीत. तर पार्शल अलाउड करा, शेवटची तारीख 30 नोव्हेंबर आणि एक्स्पायरी 21 डिसेंबर, तीही भारतात, आत्ता दुबई लिहिलीय. कागद द्यायला 7 दिवस दिलेत ते 21 करा, बीएल आणि फायटो हातात येईपर्यंतच आठवडा जातो.

पेमेंट अॅट साइट ठरलंय, एलसीत 60 दिवसांची मुदत आहे. एवढे दिवस मला शेतकऱ्यांचे पैसे थांबवता येणार नाहीत, हे मनापासून सांगतो.

आणि करार सीएफआर जेबेल अलीचा, म्हणजे विमा तुमच्याकडं, तरी 46A मध्ये 110 टक्क्यांची इन्शुरन्स पॉलिसी आमच्याकडून मागितलीय, ती काढून टाका. इन्स्पेक्शन सर्टिफिकेटवर तुमच्या माणसाची सही लागेल असं लिहिलंय, करारात मात्र स्वतंत्र सर्व्हेअर आहे. तुमच्यावर विश्वास आहेच पण तो माणूस नेमका त्या दिवशी नसला तर माल समुद्रात आणि कागद अडकलेले. बँक फक्त कागद बघते, आपला करार ती बघतच नाही. वजनाला करारात 5 टक्के कमी-जास्त चालतं, एलसीत क्वांटिटी पोत्यांच्या संख्येनं लिहिल्यामुळं यूसीपी 600 मधली नेहमीची 5 टक्क्यांची सूट लागू होत नाही, म्हणून क्वांटिटी आणि 63,000 डॉलरच्या रकमेवर, दोन्हीवर प्लस-मायनस 5 टाकून घ्या.

हे सगळं एकाच अमेंडमेंटमध्ये येऊ दे, कारण अमेंडमेंट अर्धी स्वीकारता येत नाही, एक कलम चुकलं तर अख्खी नाकारावी लागेल. एमटी 707 सोडायच्या आधी ड्राफ्ट मला व्हॉट्सअॅपवर टाका, तासाभरात बघून सांगतो. कलमं तुमच्या अर्जातूनच आलीत म्हणून अमेंडमेंटचा चार्ज तुमच्याकडं धरावा ही विनंती.

न्हावा शेवाला कंटेनर 11 ऑक्टोबरला गेट-इन करायचाय, अमेंडमेंट 3 तारखेपर्यंत आमच्या बँकेत आली तर 6 ला स्टफिंग लावतो. तोवर गाडी काढणार नाही.

संदीप, मार्केट यार्ड, सांगली
24 सप्टेंबर 2025