पीक कर्ज भरण्याची शेवटची तारीख : सोमवार, ३० जून २०२५, दुपारी ३ वाजेपर्यंत

गावची विकास सेवा संस्था, ता. करवीर, जि. कोल्हापूर
दि. २ जून २०२५

सभासद शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात आलेली ‘थकबाकी वसुली व विहित मुदतीतील भरणा’ ही नोटीस बाजूला ठेवा आणि ही वाचा. दोन्हींतली कर्जं तीच आहेत आणि तारीखही तीच आहे. ज्यांनी १ जुलै २०२४ किंवा त्यानंतर उसासाठी पीक कर्ज उचललं, त्यांच्यासाठी ही नोटीस आहे. त्याआधी उचललेल्यांचे ३६५ दिवस ३० जूनच्या आधीच भरतात. त्यांना तारखेची वेगळी चिठ्ठी घरपोच दिली आहे. मिळाली नसेल तर आजच सचिवांना विचारा.

तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर तुम्हाला फक्त मुद्दल भरायचं आहे. व्याजाचा भार केंद्राच्या सवलतीतून आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलला जातो. एक दिवस जरी उशीर झाला तरी ही सवलत जाते आणि कर्ज उचलल्या दिवसापासूनचं व्याज लागतं.

हिशेब असा. १ जुलै २०२४ ला १ लाख २० हजार उचलले असतील, तर ३० जूनला भरायचे १ लाख २० हजारच. १ जुलैला आलात तर शेकडा ६ रुपयांनी वर्षाचं व्याज ७,२०० रुपये, म्हणजे १ लाख २७ हजार २०० रुपये. पुढे २ टक्के दंडव्याज धरून दर महिन्याला आणखी ८०० रुपये चढत जातात. तुमची स्वतःची रक्कम सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिली आहे. ती चुकीची वाटली तर भरण्याच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा २० जूनच्या आत येऊन खातं बघा.

कारखान्याचं ऊस बिल आलंय, म्हणजे कर्ज फिटलं असं धरून बसू नका. वसुली यादीप्रमाणे बिलातून जे कापलं, तेवढंच खात्यात जमा झालेलं असतं. खोडव्याला उतारा कमी पडला किंवा ऊस दुसऱ्याच्या नावावर गेला, तर बाकी राहतेच. दरवर्षी दहा-बारा जण इथेच अडकतात.

पैसे संस्थेच्या कार्यालयात सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत भरा. रविवारी २२ आणि २९ जूनलाही कार्यालय उघडं राहील. ३० तारखेला तीननंतर पैसे घेणार नाही, कारण त्याच दिवशी जिल्हा बँकेत भरणा करावा लागतो. साडेतीनला आलेल्याचे पैसे १ जुलैचे धरले जातील. शिक्का आणि सचिवांची सही असलेली पावती हातात घेतल्याशिवाय उठू नका. चावडीवर, रस्त्यात किंवा कुणा संचालकाकडे पैसे देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

नवं-जुनं करायचं असेल, तर भरणा करायला येतानाच चालू सात-बारा, आठ-अ आणि आधार कार्ड आणा. जुनं कर्ज पूर्ण फिटल्यावरच नवं मिळतं. शेवटच्या दिवसांत गर्दीत दाखले शोधत बसण्यापेक्षा, आतापासून काढून ठेवलेले बरे.

कर्जमाफी होणार म्हणून थांबायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. आज ही नोटीस लिहीपर्यंत माफीचा कुठलाही शासन आदेश संस्थेकडे आलेला नाही. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत नियमित फेडणाऱ्यांनाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं. पुढे काय होईल, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. मात्र ३० जून चुकल्यास वर सांगितलेलं व्याज पडेल, हे नक्की.

ज्यांना पैसे जमणारच नाहीत, घरात आजारपण किंवा मयत झालेली आहे, त्यांनी लपून राहू नये. २० जूनच्या आत चेअरमन किंवा सचिव यांना भेटा. सभासद वारले असतील तर वारसांनी मृत्यूचा दाखला घेऊन यावं. मार्ग निघेलच असं नाही, पण आधी कळलं तर बघता तरी येतं.

मुदत टळली तर लगेच जप्ती होत नाही. आधी तुम्हाला आणि तुमच्या जामीनदाराला पत्र जाईल. तरीही भरलं नाही, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे संस्था निबंधक कार्यालयाकडे वसुलीचा दाखला मागेल. तो मिळाला की वसुली अधिकारी कारवाई करू शकतात. सात-बारावरचा बोजा कर्ज फिटेपर्यंत उतरत नाही.

ज्यांना वाचता येत नाही, अशा शेजाऱ्यांना ही नोटीस वाचून दाखवा. १४ आणि २८ जूनला गावात दवंडीही देऊ.

चेअरमन व सचिव
विकास सेवा संस्था