दुपारची फेरी

‘सध्या दुसऱ्या उपकरणावर कार्यक्रम सुरू आहे,’ असं टीव्हीवर आलं आणि ओमने रिमोट गादीवर आपटला.

“ताई, तूच लावलंयस!”

“मी आत्ता न्हाऊन बाहेर येतेय, ओम्या. अर्णवला विचार.”

अर्णव माळ्याच्या जिन्यावर कानात हेडफोन घालून बसला होता. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

कराडच्या घरात मे महिन्यात हे रोजचंच होऊन बसलं. तन्वी आणि अर्णव चिंचवडहून आलेले, ओम ठाण्याहून. आप्पांचा प्लॅन सगळ्यात लहान, एका वेळी एकच स्क्रीन चालायची. एरवी त्यांना आणि आजीला तेवढं पुरून उरायचं. आता कुणी एक बसला की बाकीचे दोघे लोंबकळत.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडलं, पाठीमागे फूटपट्टीने रेघा मारल्या आणि वेळापत्रक आखलं. कंडक्टर म्हणून एसटीत चिकटलेले आप्पा कराड स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. अक्षर अजून तसंच, टपोरं. सकाळी ९ ते १० ओम. १० ते ११.३० अर्णव. ११.३० ते १ तन्वी. १ ते २ जेवण, सर्व फेऱ्या बंद. ४ नंतर अंगण. रात्री ८.३० ला आजी, त्यात कुणी मध्ये यायचं नाही.

“२ ते ४ मोकळंच ठेवलंय,” अर्णव म्हणाला.

“ती गाडी डेपोत असते. धुवायला,” म्हणून आप्पा पंचा खांद्यावर टाकून मागच्या दारी गेले.

रात्री तन्वीच्या बाबांचा फोन आला. पोरांनी लगेच गाऱ्हाणं घातलं. बाबा म्हणाले, “आप्पा, मी चार स्क्रीनचा प्लॅन करून देतो. पैशाचं काय एवढं?”

“पैशाचं नाही रे. पोरं चार कोपऱ्यांत बसवायला मी आंब्याच्या पेट्या आणून ठेवल्या नाहीत. एकावर भागतंय.”

पैशाचं अगदीच नव्हतं असं नाही. ईपीएस-९५ ची पेन्शन म्हणजे किराणा आणि गोळ्या भागल्या की संपली. पण पोराकडून घ्यायचं त्यांच्या जिवावर यायचं, आणि दुसरं जे बोलले तेही मनापासूनचंच होतं. मला विचाराल तर ते जास्त खरं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आप्पा लवंडले. घर गप्प झालं. तन्वीच्या कोरियन मालिकेचा अर्धा भाग राहिला होता. तिने हळूच टीव्ही लावला.

‘सध्या दुसऱ्या उपकरणावर कार्यक्रम सुरू आहे.’

तिने मागे पाहिलं. अर्णव झोपलेला, ओम गोट्या मोजत बसलेला, आजी ओट्यापाशी. चारी फोन डोळ्यांसमोर. तिने अर्धवट राहिलेल्या कार्यक्रमांची यादी उघडली. तिची मालिका, ओमचं कार्टून, अर्णवचं क्रिकेट, आजीचं एक. आणि त्या सगळ्यांच्या आधी, काठोकाठ बर्फ साचलेल्या घाटातून चाललेला एक ट्रक.

“अर्ण्या, ऊठ. आप्पांचं खातं कुणीतरी वापरतंय.”

अर्णव झोपेतून उठला तो थेट हुशारीतच. “सगळीकडून लॉगआउट मारू आणि पासवर्ड बदलू. दोन मिनिटांचं काम.” त्याने भराभर बटणं दाबली. मग ओटीपी मागितला गेला, आणि तो आला आप्पांच्या उशाखालच्या फोनवर. फोन ठणकला. आप्पा उठून बाहेर आले.

“काय चाललंय?”

“आप्पा, चोर सापडला! रोज दोन वाजता येतो,” ओम ओरडला.

आप्पांनी फोन पाहिला, टीव्ही पाहिला. मग खुर्ची ओढून बसले.

“चोर नाही रे. माने आहेत.”

माने ड्रायव्हर. कराड–चिपळूण गाडीवर दोघांनी वर्षानुवर्षं बरोबर ड्युटी केलेली, कुंभार्ली घाटाने जाऊन-येऊन. दिवाळीत मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण उभं राहणं जमलंच नाही. मुलगा परगावी. दुपारी मानेवहिनी दवाखान्यात स्वयंपाकाला जातात तेव्हा दोन तास माणूस एकटा छताकडे बघत पडायचा. आप्पांनी त्यांच्या फोनवर आपलं खातं चढवून दिलं होतं.

“त्यांना दुसरं काही आवडत नाही. लोक गाड्या हाकतात ते बघतात.”

कुणी काही बोललं नाही. मग तन्वी म्हणाली, “पण आप्पा, दुसऱ्या घरी वापरायला द्यायचं नसतं. तसा नियम असतो.”

“असतो?”

“हो. प्लॅन एकाच घरासाठी असतो.”

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, परत काढला. विनातिकीट प्रवाशाला त्यांनी कधी सोडलं नव्हतं, सख्खा साडूसुद्धा नाही. ते बराच वेळ वेळापत्रकाच्या पानाकडे बघत राहिले.

“मग ते बंद करायला पाहिजे,” ते म्हणाले. “पण त्यांना मी सांगतो. तू इथून बटण दाबून त्यांची गाडी मध्येच उभी करू नकोस, अर्णव.”

संध्याकाळी ते एकटेच मान्यांकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते घरात कुणाला कळलं नाही. आजीला एवढंच म्हणाले, “उद्या दुपारचा चहा तिकडंच. पोरांना घेऊन जातो.”

दोन वाजता ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तन्वीच्या हातात तिचा टॅब, ओमच्या डोक्यावर आप्पांची टोपी. मान्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार नुसतं लोटलेलं होतं.

“आलासा? या की आत. पंखा लावा रं पोरांनो, बटण तिकडं.”

माने लोखंडी खाटेवर उशांना टेकून होते. माणूस वाळलेला, पण मनगटं अजून जाड. तन्वीने टॅब त्यांच्या मांडीवर डब्याला टेकवून उभा केला. पोरं खाटेच्या कडेला दाटीवाटीने बसली. आप्पा पायथ्याशी.

ट्रक उताराला लागला. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला बर्फाची भिंत. मान्यांचा उजवा पंजा चादरीखाली हलला.

“बघ, बघ. ब्रेक दाबत चाललाय. तापणार आता.”

“मग काय करायचं असतं?” ओमने विचारलं.

“ज्या गिअरात चढ चढतोस त्याच गिअरात उतरायचं. इंजिनानं गाडी धरायला पाहिजे, पायानं न्हाई. ब्रेक फक्त वळणाला. कुंभार्लीत धुकं असलं की मी तुझ्या आजोबाला म्हणायचो, खिडकीतनं मान बाहेर काढ आणि कड कुठं हाय ते सांग.”

“आणि मी काढायचो,” आप्पा म्हणाले. “पावसात. तिकिटांची पेटी मांडीत धरून.”

“एकदा म्हैस आडवी आली हुती.”

“दोनदा.”

“दुसऱ्यांदा बैल हुता, मालक.”

अर्णवने हेडफोन गळ्यातून काढून खिशात घातले. तन्वीने ट्रकचा ड्रायव्हर काय बोलतो ते खालच्या पाट्या वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. मान्यांना त्यातलं निम्मं पटेना. “खोटं बोलतोय तो. एवढ्या वजनाला हे टायर चालत न्हाईत.”

ओमच्या डोक्यात अजून म्हैसच होती. त्याने टॅबकडे हात नेला. “माने आजोबा, थांबवू? म्हशीचं आधी सांगा.”

“उतार संपू दे,” माने म्हणाले. “मग थांबव.”