आंतरशालेय प्रश्नमंजूषा स्पर्धेच्या प्रारंभी विद्यार्थी मंडळाच्या प्रतिनिधीचे मनोगत

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, परीक्षक, प्रश्नमंजूषेचे संचालक, संघांबरोबर आलेले मार्गदर्शक शिक्षक आणि बारा शाळांतून आलेल्या माझ्या स्पर्धक मित्रमैत्रिणींनो,

विद्यार्थी मंडळाच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करते. स्पर्धेचे नियम आपल्या हाती आधीच दिलेले आहेत आणि ते पुन्हा वाचून दाखवण्यात मी आपला वेळ घेणार नाही. मला बोलायचे आहे ते नियमांच्या आधी येणाऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे प्रामाणिक प्रयत्नाविषयी. प्रश्नमंजूषेत त्याचा अर्थ काय होतो, याचा मंडळाच्या बैठकांत आम्ही बराच विचार केला.

आपल्या खेळात गुणफलकावरचा आकडा एकच गोष्ट सांगतो : या संघाला काय ठाऊक आहे आणि ठाऊक असलेल्यावरून त्याला किती तर्क करता येतो. ते एक मोजमाप आहे. प्रेक्षकांतून आलेल्या कुजबुजीवर दिलेले उत्तर फलकावर दहा गुण वाढवते, पण त्या क्षणापासून फलक त्या संघाविषयी खोटे बोलू लागतो. शेजारी बसलेल्या ज्या संघाने तोच प्रश्न प्रामाणिकपणे सोडून दिला, त्याच्याविषयीही तो खोटेच बोलतो, आणि या दुसऱ्या अन्यायाचा विचार आपण फारच कमी करतो.

हे मोठ्या प्रमाणावर घडल्याचे उदाहरण याच खेळाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत 1956 साली सुरू झालेल्या ‘ट्वेंटी-वन’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत चार्ल्स व्हॅन डोरेन हे विद्यापीठातील तरुण अध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिले आणि घराघरांत पोहोचले. पुढे चौकशी झाली. नोव्हेंबर 1959 मध्ये त्यांनी तेथील संसदेच्या उपसमितीसमोर कबूल केले की, कार्यक्रमाचे निर्माते त्यांना प्रश्न आणि उत्तरे आधीच पुरवत होते. त्यांच्याआधीचे विजेते हर्बर्ट स्टेम्पेल यांना तर हरण्यासाठी, उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मुद्दाम चुकवायला सांगण्यात आले होते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकते ते हे की, व्हॅन डोरेन खरोखरच विद्वान होते. त्यांनी स्वतःच्या बळावर किती प्रश्नांची उत्तरे दिली असती, हे आता कोणालाच कळू शकत नाही, त्यांना स्वतःलाही ते कधी कळले नसेल. उसन्या उत्तरांनी त्यांच्या खऱ्या ज्ञानाचेही माप कायमचे पुसून टाकले.

याउलट योहानेस केप्लरकडे पाहा. टायको ब्राहेने वर्षानुवर्षे घेतलेल्या मंगळाच्या नोंदींवरून तो त्या ग्रहाची कक्षा ठरवत होता. वर्तुळाकार कक्षेवर आधारलेली त्याची मांडणी जवळजवळ जुळली होती. एके ठिकाणी फक्त 8 कलांचा फरक राहत होता. अंशाचे साठ भाग केले की एक कला होते, तेव्हा 8 कला म्हणजे आकाशात दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाइतके अंतर. हा फरक निरीक्षणातील चुकीच्या खात्यावर टाकून मोकळे होणे सोपे होते. परंतु टायकोच्या नोंदी इतक्या चुकीच्या असू शकत नाहीत, हे केप्लरला माहीत होते, आणि जे माहीत आहे ते माहीत नसल्यासारखे वागायला त्याने नकार दिला. मोठ्या कष्टाने उभी केलेली ती मांडणी त्याने बाजूला ठेवली, पुन्हा दीर्घकाळ आकडेमोड केली आणि 1609 साली मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले. आपल्यापैकी बहुतेकांनी ग्रहगतीचे नियम या प्रकरणात हा निष्कर्ष पाठ केला असेल आणि कदाचित आज तो विचारलाही जाईल. पण त्या एका ओळीच्या उत्तरामागे कोणीतरी 8 कलांशी केलेला प्रामाणिकपणा आहे, हे उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक असावे असे मला वाटते.

तयारीतही असाच प्रामाणिकपणा लागतो. आपण सगळेच प्रश्नसंच वाचतो, आणि वाचताना उत्तर शेजारीच छापलेले असल्यामुळे ‘हे मला येते’ असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचल्यानंतर न पाहता आठवण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात अधिक राहिले. उत्तर झाकून स्वतःला विचारणे आणि आठवले नाही तर तसे मान्य करणे हे कष्टाचे असते, कारण त्यात आपले अज्ञान उघडे पडते, पण शिकणे नेमके तेथूनच सुरू होते.

शिवाय छापलेले उत्तर दर वेळी बरोबर असतेच असे नाही. प्लूटोला ऑगस्ट 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने बटुग्रह ठरवले, तरी त्याला नववा ग्रह म्हणणारे जुने संच अजूनही हातोहात फिरतात. चीनची भिंत चंद्रावरून डोळ्यांना दिसते, हे विधानही खरे नसताना असंख्य वेळा छापले गेले आहे. म्हणून आजच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रश्नसमितीने किमान दोन स्वतंत्र ग्रंथांत पडताळले आहे आणि जेथे दोहोंत मेळ बसला नाही, तो प्रश्न काढून टाकला आहे. इतके करूनही आमची चूक राहिली असेल, तर आपण तिच्यावर निःसंकोच आक्षेप घ्यावा. त्यासाठी प्रत्येक मेजावर आक्षेपपत्रे ठेवली आहेत.

आता स्पर्धकांना काही विनंत्या. तर्काने उत्तर देणे हा या खेळातला सर्वांत सुंदर भाग आहे, तेव्हा खात्री नसली तरी विचार करून उत्तर जरूर द्या. तो प्रामाणिक प्रयत्नच आहे. दुसऱ्या संघाला अडवण्यासाठी मात्र, सांगायला काहीच नसताना बझर दाबू नका. गुणलेखकाने चुकून आपल्या खात्यात गुण जास्त मांडले, तर त्याला ते आपणच सांगा. हे अवघड आहे, विशेषतः अंतिम फेरीत आणि दोन संघांत पाच गुणांचेच अंतर असताना, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही मी ते मागते आहे. ‘पास’ म्हणण्यात कमीपणा मानू नका.

प्रेक्षकांनाही माझी तितकीच कळकळीची विनंती आहे. आपल्या शाळेवरचे प्रेम टाळ्यांतून भरभरून व्यक्त करा, परंतु उत्तर ओठांवर आणू नका. ज्यांनी महिनोन्‌महिने अभ्यास केला आहे, त्यांचे यश संशयात पडेल असे आपल्याकडून काही होऊ नये. मार्गदर्शक शिक्षकांनी आमच्या संघांना येथवर आणले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

पहिली फेरी लेखी असून तीत तीस प्रश्न आहेत आणि त्यांतून सहा संघ मंचावर येतील. सर्व स्पर्धकांनी आपले मोबाईल व घड्याळे प्रवेशद्वाराजवळील स्वयंसेवकांकडे जमा करून आपापल्या आसनांवर बसावे. उत्तरपत्रिकांचे वाटप सुरू करण्यासाठी मी प्रश्नमंजूषेच्या संचालकांना मंचावर आमंत्रित करते.