विषय : आपल्या ई-मेलखालच्या स्वाक्षरीचा अंतिम मजकूर

श्रीमती नूतन भालेकर यांस,
स. न.

आपल्या नव्या स्वाक्षरीचा मजकूर पाठवीत आहे. आपण नमुन्यादाखल पाठवलेल्या मेलमध्ये निरोप दोन ओळींचा आणि त्याखालची स्वाक्षरी अकरा ओळींची होती. तीत पदव्या, दोन मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, समाजमाध्यमांची चिन्हे, एक सुविचार आणि पॅन क्रमांकसुद्धा होता. पॅनची जागा देयकावर आहे. ज्या मेल पुढे कोणाकडे जातील याचा नेम नाही, त्यांच्या तळाशी तो नसावा.

आता एवढेच ठेवले आहे :

```
नूतन भालेकर
इंग्रजी–मराठी अनुवाद आणि संपादन, नाशिक
मेलला उत्तर : सोमवार ते शुक्रवार, त्याच दिवशी
```

मोबाइल क्रमांक करार झालेल्या प्रकाशकांनाच देता, असे आपण कळवले होते, म्हणून तो येथे नाही. मेलचा पत्ताही गाळला आहे, कारण उत्तर देणाऱ्याला तो आपोआपच मिळतो. तिसरी ओळ मात्र मी आग्रहाने घातली आहे. मजकूर पाठवून वाट पाहणाऱ्या संपादकाला आपल्या पदव्यांपेक्षा उत्तर कधी येईल हेच हवे असते. हा शब्द पाळणे जड जाणार असेल, तर 'त्याच दिवशी'ऐवजी 'दोन दिवसांत' करावे.

जुन्या स्वाक्षरीतले बोधचिन्ह काढल्याचे आपल्याला कदाचित रुचणार नाही. पण काही मेल-प्रोग्रॅम असे चित्र जोडपत्र म्हणून दाखवतात, त्यामुळे प्रत्येक मेलवर कागद अडकवण्याच्या पिनेची खूण उमटते आणि अनुवादाची फाइल नेमकी कोणत्या मेलमध्ये आहे, हे शोधताना प्रकाशकाला आपल्या साऱ्या मेल उघडाव्या लागतात. शिवाय फोनवर गडद पार्श्वभूमी ठेवणाऱ्यांना ते चिन्ह पांढऱ्या चौकोनात दिसते.

आपल्या नावाची जुनी ओळ कृतिदेवमध्ये जुळवलेली होती. ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही, त्याला तेथे नावाऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. (माझ्याकडे आपले नाव तसेच आले होते, ते मी पत्रव्यवहारावरून ओळखले.) नवा मजकूर युनिकोडमध्ये आहे. त्याला रंग वा फाँट दिलेला नाही, म्हणजे वाचणाऱ्याच्या पडद्यावरची मांडणी तो घेईल. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तो Ctrl+Shift+V ने चिकटवावा, म्हणजे या मेलमधली मांडणी सोबत येणार नाही. स्वाक्षरीच्या वर दोन छोट्या आडव्या रेघा जीमेल स्वतः घालते, त्या टंकू नयेत. एकाच पत्रव्यवहारात पुन्हा उत्तर देताना स्वाक्षरी जोडू नये. त्यासाठी सेटिंग्जमध्येच उत्तरांसाठी स्वाक्षरी नसण्याचा पर्याय निवडावा.

एक मेल स्वतःलाच पाठवून ती फोनवर उघडावी. दुसरी ओळ तेथे मोडत असेल, तर 'नाशिक' पुढच्या ओळीवर न्यावे.

आपला,
सुहास
अक्षरजुळणी व मांडणी, पुणे