बॅकअप गिऱ्हाइकाकडेच

चिप गरम करायच्या आधी तिच्यातलं सगळं उतरवून घ्यायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. हॉट एअर साडेतीनशेवर असते, हात दोन सेकंद जास्त थांबला की मेमरी मेली, आणि मग गिऱ्हाईक आईचा आवाज होता हो त्यात म्हणून टेबलापाशी रडत बसतं. म्हणून आधी डंप, मग काम, मग गिऱ्हाईक तपासून गेलं की डंप पुसायचा. दुसरा नियम, डंप उघडून बघायचा नाही. हा पाळणारा रिपेअरवाला मला तरी अजून भेटलेला नाही. मी आपला फाईल चालतेय का एवढ्यापुरता बघायचो.

माझं टेबल ४१व्या मजल्यावर, जिन्याखाली. लिफ्ट इथे थांबत नाही, त्यामुळे जो येतो तो गरजेपोटीच येतो. यांत्रिक कान जास्त येतात, मग डोळे, हात क्वचित. कान सगळ्यांना सक्तीचा आहे ना, टॉवरच्या सूचना त्यातूनच येतात, पाणी कधी, दारं कधी बंद, भाडं कोणाचं थकलंय. काढून ठेवला तर दंड.

तर वर ११२च्या ऑफिसातला एक क्लार्क कान घेऊन आला. खरखरतोय म्हणाला. आता वरच्या लोकांची कंपनीची सर्व्हिस असते, ते कशाला जिने उतरून माझ्याकडे येतील, तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. उघडला तर माईकच्या भोकापाशी घामाने हिरवं साचलेलं, अल्कोहोल आणि ब्रश, काम दहा मिनिटांचं, चिपचा एक पाय तुटत आला होता तो नवीन टाकला. डंप चालू करून बघितला तर आधी दाराच्या लॉकचा टिर्र आवाज, त्यामागे नऊ सेकंद एक माणूस बोलतोय. "६९ची दारं बंदच राहू दे. आग वर आली तर सर्व्हर जातील. माणसांचं नंतर बघू."

६९ची आग सगळ्यांना माहिती होती. लोकांनीच घाबरून दारं जाम केली असं कानात सांगितलं होतं, तेही तीनदा.

क्लार्क न्यायला आला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मास्तर, बॅकअप ठेवता ना तुम्ही?" एवढंच. तेव्हा कळलं की कान खरखरत नव्हता, त्याला ते कुठेतरी टाकून हलकं व्हायचं होतं. शिवी आली तोंडात. पण पुसलं नाही.

मग वहिनी आल्या, ६८वरच्या. पिशवीत नवऱ्याचा हात, टॉवेलात गुंडाळलेला. "भाऊ, हा चालता करून द्या, विकायचाय, पोरीची फी आहे." नवरा आगीत गेलेला. दार त्यानेच जाम केलं असं लिहून नुकसानभरपाई नाकारली होती. मी मनगट उघडलं. माझ्या हाताखालच्या बारकीने मायक्रोस्कोप खाली ओढला आणि एकदम गप्प झाली, आणि ही पोरगी गप्प बसणाऱ्यातली नाही. गिअरचे दात झिजलेले, पण एकाच बाजूने. दार ढकलून जाम करणाऱ्याचे दुसऱ्या बाजूने झिजतील. हा माणूस ओढत होता. मोटरच्या लॉगमध्ये पकड फुल, अकरा मिनिटं फुल, मध्ये एकदाही सैल नाही, मग वायंडिंग जळालं आणि लॉग संपला.

सुरुवातीची वेळ २:१४:५१. क्लार्कच्या कानातला तो टिर्र २:१४:०६. दोन्ही घड्याळं टॉवरच्याच नेटवर्कवरून लागतात, त्यामुळे एक मागे एक पुढे असं म्हणायची सोय नाही. नुसता आवाज असता तर कुणाचाही म्हणता आला असता, नुसता हात असता तर बिघडलेला. दोन्ही फक्त माझ्या ड्राइव्हवर एकत्र होते आणि हे मला लक्षात आलं तेव्हा पाय खरंच गार पडले.

वहिनींना म्हणलं, हात विकू नका. का ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत, टॉवेलाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

दोन दिवसांनी बारकी भंगारातून कानांची पिशवी घेऊन आली, पार्टसाठी आणतो आम्ही. त्यात तो कान होता. माझा जॉइंट मी ओळखतो, मी टाका घातला की शेवटी टोक जरासं डावीकडे वळतं, सवय आहे. जिवंत माणूस कान भंगारात देत नाही.

त्याच संध्याकाळी एक साहेब आले. स्वच्छ बूट, ४१व्या मजल्यावर. डोळा दिला, दिसत नाही म्हणाले, सावकाश करा, घाई नाही. आता पडून तुटलेली वायर वेडीवाकडी चिरते, ह्या डोळ्याच्या बोर्डावरची रेघ ब्लेडने कापलेली, सरळ, स्वच्छ. दृश्य मालकाकडे जाणारी तेवढीच तार तोडलेली, बाकी डोळा चालू. म्हणजे माझ्या ट्रेमध्ये पडून तो माझं टेबल बघत होता. मी काही न बोलता त्यावर पत्र्याचा डबा पालथा घातला. बारकी म्हणाली, "मामा, आता तर त्यांना कळलंच."

कळलंच होतं. पळून जाणार कुठे, खालची दारंही त्यांचीच. ड्राइव्ह लपवली तर ड्राइव्ह शोधतील, मला शोधतील, संपलं.

पण मेमरीत थोडे ब्लॉक राखीव असतात. खराब झालेल्यांच्या जागी वापरायला, मालकाला ते दिसतसुद्धा नाहीत. नऊ सेकंदांचा आवाज आणि हाताचा लॉग त्यात आरामात बसतो. त्या रात्रीपासून जो कान टेबलावर आला तो ते घेऊनच गेला, आणि ज्यांचे बिघडले नव्हते त्यांचेही वहिनी गोळा करून आणायला लागल्या, सर्व्हिसिंग फुकट आहे म्हणून. सोबत एक बारीकसा कोड. दार बंद करायचा हुकूम कानाच्याच चॅनेलवरून जातो, तो टिर्र, आणि दार त्यानंतर चार सेकंदांनी हलतं. कानाने टिर्र ओळखला की आधी "दार बंद होतंय, अडवा", मग तो नऊ सेकंदांचा आवाज, मग दोन्ही वेळा.

साहेब डोळा न्यायला आले. कापलेली रेघ मी जोडून दिली होती, काम ते काम. लावून त्यांनी टेबलभर नजर फिरवली.

"बॅकअप ठेवता का तुम्ही?"

"ठेवतो की. गिऱ्हाइकाकडेच."

त्यांना ते कळलं नाही, आणि हसले. मला वाटलं होतं अजून आठवडाभर तरी मिळेल.

त्याच रात्री २ वाजता बारकीने मला हलवलं. जिन्यात धूर, आणि कानात टिर्र. मी उठेपर्यंत माझाच कोड माझ्या कानात ओरडत होता. बाहेर आलो तर अख्खा मजला उठलेला, कुणी कपाट, कुणी शिडी, दोघांनी माझं टेबल उचलून दारात आडवं टाकलेलं, वरचा मायक्रोस्कोप खाली पडून फुटला. दार टेबलावर येऊन आपटलं, मागे गेलं, परत आपटलं. वहिनी फटीतून बाहेर गेल्या आणि पलीकडून दार ओढायला लागल्या, मग आणखी दहा-बारा हात त्या फटीत आले.

सगळे बाहेर पडल्यावर जिन्यात एक म्हातारा मला म्हणाला, "तो कानातला माणूस कितव्या मजल्यावर बसतो रे?"

"११२," मी म्हणलं.

लोक खाली जायचे थांबले आणि वर चढायला लागले.