एकोणचाळीस नंबरचं चित्र

प्रयोगशाळेतलं लाकडी कपाट रिकामं करताना जुन्या हजेरीपटांच्या तळाशी ती वही निघाली. कव्हरच्या आत फक्त ‘इयत्ता नववी, १९८४’. नाव नाही. पिना गंजून कागदावर तांबूस डाग, कडा पिवळ्या, एक पान सुटं. प्रत्येक पानावर पेन्सिलीचा एकच बगळा.

मुलांनी वही पुढून फडफडवली.

“बाई, हा उलटा उडतोय!”

चित्रकलेच्या बाईंनी कोपऱ्यातले आकडे पाहिले. पहिल्या पानावर ९५, शेवटच्यावर १. काढणाऱ्याने मागून सुरुवात केली होती, म्हणजे वरचं कोरं पान खाली टाकलं की आधीचं चित्र त्यातून पुसट दिसतं. आकडे सगळे विषम. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकणार, म्हणून १ नंतर थेट ३. एकूण ४८ चित्रं, चार सेकंद.

बाईंनी अंगठ्याने पानं मागून सोडली. बगळ्याने आधी पाय मोडले, मगच झेप घेतली आणि हवेत गेल्यावर मान आत ओढली. नववीतल्या पोराने हे नक्की तळ्याकाठी बसून पाहिलं असणार. पण पंख खाली येताना हिसका बसला.

“३९ नाहीये,” मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “आणि सुटं पान ५७ चं आहे.”

दोन्ही एकाच कागदाचे अर्धे भाग होते. मधोमध पिन मारलेल्या वहीत विसावं पान फाडलं की एकोणतिसावं सुटतंच.

३७ आणि ४५ या आकड्यांभोवती गोल होते, ती मुख्य चित्रं. ३७ च्या समासात छोटी शिडी काढलेली: ४३ त्या दोन्हींच्या मध्यावर, ४१ हे ३७ आणि ४३ च्या मध्यावर, ३९ हे ३७ आणि ४१ च्या मध्यावर. पंख हळू सुटून पुढे वेग घेणार. हरवलेल्या चित्राची जागा त्या पोराने लिहूनच ठेवली होती.

वही मोडायची नव्हती. कॅमेरा वर पक्का बांधला, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले, प्रत्येक पानाचा फोटो घेतला आणि मूळ मापाच्या प्रती काढल्या. ३७ आणि ४१ च्या प्रती कोपऱ्यातल्या फुल्या जुळवून काचेवर चिकटवल्या, खालून दिवा, वर कोरा कागद.

मुलीने पंखाच्या दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढून मध्य धरला. चालवून पाहिलं, तर पंख क्षणभर आखडला.

“टोक सरळ जात नाही गं. खांदा स्थिर धर, टोक कमानीतून आण.”

दुसऱ्यांदा तिने कमान आखली, पंखाची लांबी पट्टीने ताडून पाहिली आणि मगच पिसं काढली. सगळी चित्रं पुन्हा चालवली. हिसका गेला.

तिने कागदामागे पेन्सिलीने लिहिलं, ‘३९, नवीन’. वहीत न घालता तो वेगळ्या पाकिटात ठेवला.